बिलांच्या लांबलचक यादीतून विभागवार, महिनावार विक्री कशी काढावी : पिव्हट टेबलची रीत

रत्नागिरीतला एखादा बागायतदार मार्च ते मे हापूसच्या पेट्या पाठवतो आणि उरलेलं वर्ष कोकम आगळ, काजूगर, आंबापोळी विकतो. बिलिंगच्या सॉफ्टवेअरमधून वर्षाची यादी काढली की हजारो ओळी निघतात. प्रश्न मात्र साधा असतो: मुंबईला एप्रिलात किती गेलं, पुण्याला किती, आणि जिल्ह्यातल्या जिल्ह्यात किती? एक्सेलमधली पिव्हट टेबल हे उत्तर दोन मिनिटांत देते. उत्तर खरं आहे की नाही, हे मात्र त्याआधी यादी कशी तपासली यावर ठरतं. म्हणून या लेखात बटणांपेक्षा यादीला जास्त जागा दिली आहे.

समजायला सोपं जावं म्हणून सहाच बिलं घेऊ.

| तारीख | विभाग | माल | रक्कम |
|---|---|---|---|
| 28-03-2025 | मुंबई | हापूस | 18000 |
| 03-04-2025 | मुंबई | हापूस | 24000 |
| 05-04-2025 | रत्नागिरी | कोकम आगळ | 1800 |
| 12-04-2025 | पुणे | हापूस | 15000 |
| 17-04-2025 | मुंबई | काजूगर | 9500 |
| 06-05-2025 | रत्नागिरी | हापूस | 6000 |

आधी तारखा

सॉफ्टवेअरमधून आलेली फाइल बहुधा सीएसव्ही असते. कॉम्प्युटरची तारखेची पद्धत अमेरिकन असेल, म्हणजे महिना आधी आणि दिवस नंतर, तर फाइल उघडतानाच घोळ होतो आणि एक्सेल त्याबद्दल काहीही सांगत नाही. 03-04-2025 हा 3 एप्रिल असतो, एक्सेल तो 4 मार्च समजतं. 12-04-2025 चा 4 डिसेंबर होतो. 28-03-2025 मध्ये मात्र अठ्ठाविसावा महिना नसल्यामुळे एक्सेल ती तारीख मानतच नाही, नुसता मजकूर म्हणून ठेवतं.

हे ओळखायची खूण सोपी आहे. खऱ्या तारखा सेलमध्ये उजवीकडे चिकटतात, मजकूर डावीकडे. एकाच रकान्यात काही तारखा डावीकडे आणि काही उजवीकडे दिसल्या, तर उजवीकडच्या बरोबर असतील असं धरू नका. बहुधा त्यांचेच दिवस-महिने उलटलेले असतात. अशी फाइल हाताने दुरुस्त करत बसू नये. एक्सेल बंद करा, विंडोजच्या सेटिंगमध्ये Region इथे जाऊन तारखेची पद्धत English (India) करा आणि मूळ सीएसव्ही पुन्हा उघडा. मग ती Excel Workbook (.xlsx) म्हणून सेव्ह करा, कारण सीएसव्हीमध्ये पिव्हट टेबल टिकत नाही.

मग रक्कम आणि विभाग

आपल्याकडे रक्कम 1,800/- अशी लिहायची सवय आहे. बिलावर ती शोभते, पण एक्सेलला तो आकडा वाटत नाही आणि बेरजेत तो धरला जात नाही. गंमत म्हणून नव्हे, काळजीने सांगतो: पिव्हटची बेरीज आणि साध्या SUM ची बेरीज ताडून पाहिली तरी ही चूक सापडत नाही, कारण दोघंही तो सेल वगळतात. त्याऐवजी दोन मोजण्या करा. रक्कम D रकान्यात असेल, तर शेजारच्या रिकाम्या शीटवर (इथे मूळ शीटचं नाव Sheet1 धरलं आहे) हे लिहा:

```
=COUNTA(Sheet1!D:D)-1
=COUNT(Sheet1!D:D)
```

पहिलं सूत्र शीर्षक सोडून भरलेले सगळे सेल मोजतं, दुसरं फक्त आकडे असलेले. आपल्या यादीत दोन्ही ठिकाणी 6 यायला हवेत. दुसरीकडे 5 आले, तर एक रक्कम मजकूर होऊन बसली आहे. रकमेचा रकाना निवडा, Ctrl+H दाबा, /- शोधून त्याजागी काहीच न ठेवता बदला आणि पुन्हा मोजा. यादीच्या मधे किंवा शेवटी "एकूण" अशी ओळ असेल तर ती काढून टाका, नाहीतर तीच रक्कम दोनदा धरली जाईल.

विभागाच्या बाबतीत एवढंच पाहा की एका विभागाचं नाव सगळीकडे एकाच तऱ्हेने लिहिलेलं आहे. "रत्नागिरी" आणि "रत्नागिरि" एक्सेलसाठी दोन वेगळी गावं आहेत, आणि नावामागे राहिलेल्या एका स्पेसनेही तिसरं गाव तयार होतं.

महिन्याचा रकाना

पिव्हट टेबल तारखांचे महिने आपणहून करू शकते, पण तिथे वर्ष निवडायचं राहिलं तर 2024 चा एप्रिल आणि 2025 चा एप्रिल एकाच खणात पडतात. म्हणून मला स्वतः महिन्याचा रकाना बनवणं जास्त भरवशाचं वाटतं. यादीत कुठेही क्लिक करा, Ctrl+T दाबा, शीर्षकाच्या चौकटीवर खूण ठेवून OK म्हणा. आता E1 मध्ये "महिना" लिहा आणि E2 मध्ये हे सूत्र:

```
=TEXT(A2,"yyyy-mm")
```

सूत्र खालपर्यंत आपोआप भरलं जातं. 2025-03, 2025-04 असे महिने मिळतात आणि मार्च-एप्रिलमध्ये आर्थिक वर्ष बदललं तरी हंगाम सलग दिसतो.

आता पिव्हट

यादीत क्लिक करून Insert मधून PivotTable निवडा, New Worksheet ठेवा, OK. उजवीकडे रकान्यांची नावं येतील. "विभाग" ओढून Rows मध्ये टाका, "महिना" Columns मध्ये, "रक्कम" Values मध्ये. Values मध्ये Sum ऐवजी Count आलं, तर एखादी रक्कम अजून मजकूरच आहे. नुसतं Sum करून पुढे जाऊ नका, मागे जाऊन ती शोधा.

| विभाग | 2025-03 | 2025-04 | 2025-05 | एकूण |
|---|---|---|---|---|
| पुणे | | 15000 | | 15000 |
| मुंबई | 18000 | 33500 | | 51500 |
| रत्नागिरी | | 1800 | 6000 | 7800 |
| एकूण | 18000 | 50300 | 6000 | 74300 |

तारखा उलटल्या असत्या, तरी शेवटची बेरीज 74300 च आली असती. रकमा त्याच राहतात, फक्त भलत्या महिन्यात जातात. म्हणून एकूण जुळली एवढ्यावर समाधान मानू नये. "माल" ओढून Filters मध्ये टाका आणि फक्त हापूस निवडून बघा. उलटलेल्या यादीत पुण्याचे 15000 रुपये 2025-12 खाली दिसले असते, आणि डिसेंबरात हापूसच्या पेट्या जात नाहीत हे बागायतदाराला कोणी सांगावं लागत नाही. "28-03-2025" असं अख्ख्या तारखेचं शीर्षकही वेगळं उभं राहिलं असतं.

बघून झालं की फिल्टर पुन्हा All वर ठेवा. मग एखादा आकडा खटकला, तर त्यावर दोनदा क्लिक करा. मुंबईच्या 33500 वर केलंत, की नव्या शीटवर 3 आणि 17 एप्रिलची दोन बिलं उघडतात. ही शीट नुसती नक्कल असते. चूक दिसली तर दुरुस्ती मूळ यादीत करा आणि ती शीट पुसून टाका.

नवीन बिलं यादीच्या शेवटच्या ओळीखाली लगेच चिकटवा. Ctrl+T केलेलं असल्यामुळे ती यादीत सामील होतात, पण एक्सेलच्या बहुतेक आवृत्त्यांत पिव्हट आपणहून बदलत नाही. त्यासाठी Data मधलं Refresh All दाबावं लागतं. आकडे कोणाला पाठवण्याआधी ते दाबलंय ना, एवढं पाहून घ्या.