बदामाच्या पिठाचा केक मधोमध खचत होता, तो असा सुधारला

आईला गहू चालत नाही म्हणून तिच्यासाठी मैद्याच्या रेसिपीत २०० ग्रॅम मैद्याऐवजी तेवढंच बदामाचं पीठ घातलं, बाकी सगळं तसंच, १०० ग्रॅम बटर, २ अंडी. ओव्हनमध्ये मस्त फुगला आणि बाहेर काढल्यावर दहा मिनिटांत मधोमध खचला, खालचा बटर पेपर तर तेलाने पारदर्शक झालेला.

मग डोक्यात प्रकाश पडला की बदामात जवळपास निम्मं तेलच असतं, म्हणजे २०० ग्रॅम पिठातून १०० ग्रॅमच्या आसपास फॅट आधीच आलंय आणि वर मी तेवढंच बटर ओतलं. शिवाय ग्लुटेन नाही, मग फुगलेली हवा धरून ठेवणार कोण? ते काम इथे अंड्यालाच करावं लागतं.

पुढच्या वेळी बटर ४० ग्रॅमवर आणलं, अंडी ४ घेतली, पिवळं साखरेबरोबर फेटलं आणि पांढरं वेगळं फेटून शेवटी हलक्या हाताने मिसळलं. १८० ऐवजी १६० डिग्रीवर ४५ मिनिटं ठेवला, कारण बदाम वरून पटकन लाल होतो आणि आत कच्चा राहतो, अर्ध्यात फॉइल झाकली तर उत्तम. सुरी कोरडी निघेपर्यंत थांबा पण टिनमधून लगेच काढू नका, गरम असताना मोडतोच, पूर्ण गार झाला की घट्ट बसतो. मैद्याच्या केकसारखा जाळीदार होत नाही हां, दाटच असतो, पण तिसऱ्या दिवशीही ओलसर होता.

पीठ घरी करत असाल तर मिक्सर थांबत थांबत फिरवा, सलग फिरवलं की तेल सुटून गोळा होतो.