वालाचं घरचं बी ठेवताना मी केलेल्या या चुका टाळा

कृषी पदवीच्या शेवटच्या वर्षाला रावे म्हणजे ग्रामीण कृषी कार्यानुभवासाठी गावात राहायला जावं लागतं, मला अकोले तालुक्यातलं डोंगराकडचं एक गाव मिळालं. ज्यांच्याकडे राहिलो त्या मावशींचं वालाचं बी राखेत घातलेलं, मडक्यात. मला ते घाण वाटलं (हो, चार वर्षं शिकून!) आणि प्रदर्शनात मांडायला म्हणून अर्धा किलो काढून धुतलं, जुलैच्या अर्ध्या तासाच्या उन्हात वाळवलं आणि प्लास्टिकच्या पिशवीत भरून वर लेबल चिकटवलं. मावशी बघून एवढंच म्हणाल्या, "बरं."

तीन आठवड्यांनी पिशवी उघडली तर कुबट वास आणि दाणे एकमेकांना चिकटलेले. मावशींनी माझा एक दाणा दाताखाली धरला, तो नुसता दबला. मडक्यातला धरला तर कट्ट करून फुटला. दाणा दबला की ओल आहे, मग हवाबंद पिशवीत तो श्वास घेत राहतो, तापतो, बुरशी येते आणि कोंब मरतो. मग दोन्हीकडचे शंभर-शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळले, आठव्या दिवशी मडक्यातले ९२ उगवले, माझे ४१. बी एकाच मळणीचं होतं बरं का! म्हणजे तेवढीच रोपं हवी असतील तर माझं बी सव्वादोनपट टोकावं लागणार.

राखेचं पण आपण नुसतं ऐकून करतो आणि फसतो. राख कोरडी, चाळलेली, पूर्ण गार हवी आणि प्रत्येक दाण्याला लागली पाहिजे, वर दोन बोटं थर वेगळा. दाण्यांमधली जागा भरली की भुंग्याला फिरता येत नाही आणि अंडी घालता येत नाहीत. पण भुंगा बऱ्याचदा शेतातूनच शेंगेवर अंडी घालून येतो. दाण्यावर बारीक पांढरे ठिपके दिसले तर ती अंडीच, आणि अळी आत शिरली की राख काही करत नाही. म्हणून मावशी आधी सकाळच्या कोवळ्या उन्हात तीन-चार दिवस वाळवतात, ठिपक्यांचे आणि भोकाचे दाणे निवडून काढतात, बी रात्रभर गार होऊ देतात आणि मगच राख. दुपारच्या तापलेल्या पत्र्यावर बी घालायचं नाही, त्याने पण उगवण जाते.

आणखी एक, सगळेच करतात ते. चांगल्या शेंगा खायला आणि विकायला तोडायच्या आणि शेवटी वेलावर उरलेलं बारीकसारीक ते बियाणं. मावशी उलटं करतात, पहिल्या बहारातच निरोगी वेल हेरून चिंधी बांधतात, त्या वेलाची शेंग घरात कुणी तोडायची नाही, वेलावरच वाळू द्यायची.

माझी कुबट पिशवी उकिरड्यावर गेली. प्रदर्शनात मडकंच ठेवलं, राखेसकट.