वजा बावन्नचे बारा कसे झाले

बीसीएच्या पहिल्या सेमिस्टरची गोष्ट. कॉम्प्युटर फंडामेंटल्सच्या टेस्टमध्ये प्रश्न होता: −52 ही संख्या ८ बिटच्या टूज् कॉम्प्लिमेंटमध्ये लिहा. माझ्या दृष्टीने हा पेपरातला सगळ्यात सोपा प्रश्न, म्हणून तोच आधी घेतला. पेपर परत मिळाला तेव्हा त्यावर लाल फुली होती. त्याच उत्तरावर उभा असलेला पुढचा प्रश्नही गेला. पद्धत मला तोंडपाठ होती, बेरीज चुकलेली नव्हती, तरी उत्तर चुकलं. याचा त्रास मला बरेच दिवस झाला.

दशमानातून बायनरी कसं करायचं ते तुम्हाला येतंच. ५२ ला दोनाने भागत गेलं आणि बाक्या खालून वर वाचल्या की `110100` मिळतं. मीही तेच मिळवलं. मग शिकवल्याप्रमाणे बिट उलटवले, एक मिळवला आणि शेवटी "आठ बिट हवेत" हे आठवून पुढे दोन शून्यं जोडली.

```
52         110100
उलट        001011
+1         001100
शून्यं जोडून  00001100
```

घोटाळा या शेवटच्या ओळीत दिसतो, पण झालेला असतो पहिल्याच ओळीत. `00001100` म्हणजे १२. वजा बावन्न तर नाहीच, साधी ऋण संख्यासुद्धा नाही, कारण सगळ्यात डावीकडचा बिट शून्य आहे. बरोबर मांडणी अशी:

```
52      00110100
उलट     11001011
+1      11001100
```

फरक फक्त शून्यं कधी जोडली याचा. आधी जोडली असती तर तीही उलटली असती आणि डावीकडे दोन एक आले असते. मी ती नंतर जोडली, म्हणून ती शून्यंच राहिली.

"आधी आठ बिट करा" एवढंच लक्षात ठेवलंत तर पुढच्या टेस्टपुरतं काम भागेल. पण मला ते का करायचं हे कळेपर्यंत पुन्हा पुन्हा चुकत होतं, म्हणून इथे जरा थांबते. उलटवून एक मिळवणं ही नुसती कृती आहे. तिच्यामागे एक वजाबाकी आहे. आठ बिटमध्ये एकूण २५६ आकृत्या बसतात. आठही बिट उलटवणं म्हणजे २५५ मधून ती संख्या वजा करणं, कारण `11111111` म्हणजे २५५ आणि एकमधून एक गेला की शून्य, शून्य गेलं की एक. कुठेच उसनं घ्यावं लागत नाही. २५५ वजा ५२ म्हणजे २०३, त्यात एक मिळवला की २०४. म्हणजे आपण २५६ मधून ५२ वजा केले. `11001100` ही साधी संख्या म्हणून वाचली तर २०४ च येते.

आता मी काय केलं ते बघा. मी सहाच बिट उलटवले. सहा बिटच्या आकृत्या ६४. मी नकळत ६४ मधून ५२ वजा केले आणि १२ काढले. माझी बेरीज बरोबर होती, पण मी दुसऱ्याच मापाच्या डब्यात मोजत होते. त्यात सहा बिटमध्ये −३२ ते ३१ एवढ्याच संख्या बसतात, म्हणजे −५२ तिथे मावतच नव्हती.

आमच्या एका सीनियरने टेस्टच्या आदल्या दिवशी एक झटपट युक्ती दिली होती: उजवीकडून पहिला एक येईपर्यंत सगळं तसंच लिहा, तो एकही तसाच ठेवा, त्यानंतरचं सगळं उलटवा. युक्ती खरी आहे, मी आजही वापरते. `00110100` वर ती लावा, `11001100` च मिळेल. पण `110100` वर लावली की `001100` मिळतं, तीच चूक, फक्त लवकर. म्हणून माझं स्पष्ट मत आहे: २५६ मधून वजाबाकी ज्याला कळलेली नाही त्याला ही युक्ती कोणी देऊ नये. "कशाला खोलात जातेस, पाठ कर" असं सांगणाऱ्यांचा हेतू चांगला असतो, पण टेस्टमध्ये अडलं की त्या वाक्याचा काडीचा उपयोग होत नाही.

मला जास्त लागलं ते पुढच्या प्रश्नाचं. ७० मध्ये −५२ मिळवा, असा तो होता. मी `01000110` आणि माझं चुकीचं `00001100` यांची बेरीज करून `01010010` लिहिलं. हे ८२ होतात. सत्तरातून बावन्न गेले आणि उरले ब्याऐंशी! दशमानात लिहिलं असतं तर दुसरीतल्या मुलानेही हटकलं असतं. बायनरीत लिहिलेलं होतं म्हणून माझ्या डोळ्यांसमोरून निसटलं. बरोबर बेरीज केली की नवव्या जागी हातचा एक येतो, तो सोडून द्यायचा, आणि `00010010` म्हणजे १८ उरतात.

तेव्हा पडताळा घेतल्याशिवाय पुढच्या प्रश्नाकडे जाऊच नका. वेळ नाही ही सबब सांगू नका, अर्धं मिनिटही लागत नाही. डावीकडच्या बिटची किंमत −१२८ धरायची, बाकीच्यांची नेहमीची. `11001100` मध्ये −१२८, ६४, ८ आणि ४. बेरीज −५२. जमलं. माझ्या उत्तरात डावीकडे शून्य होतं, म्हणजे −१२८ आलाच नव्हता. तिथेच कळायला हवं होतं.

घरी पायथॉनवर बघायचं असेल तर एक सांगते. नुसतं `bin(-52)` दिलं तर `-0b110100` येतं, म्हणजे ५२ च्या बायनरीपुढे उणे चिन्ह. ते टूज् कॉम्प्लिमेंट नव्हे. बिट किती ते तुम्हालाच सांगावं लागतं:

```python
print(format(-52 & 0xFF, '08b'))
print(format(-52 & 0x3F, '08b'))
```

पहिल्या ओळीतून `11001100` येतं. दुसरीत `0x3F` म्हणजे सहाच बिट ठेवलेत, आणि छापून येतं `00001100`. हे पडद्यावर पाहिलं तेव्हा माझ्या पेपरातलं उत्तर जसंच्या तसं समोर आलं आणि मनातली गाठ सुटली. माझं डोकं कच्चं नव्हतं, एक पायरी मागेपुढे झाली होती. तुमचंही तसंच झालं असेल तर घाबरू नका.

बिट नंतर वाढवायचे झाले तर ते वाढवता येतात, पण ऋण संख्येपुढे एक जोडायचे, शून्य नव्हे. −५२ सात बिटमध्ये `1001100` आहे. पुढे एक जोडला की `11001100`. सोळा बिट हवे असतील तर आणखी आठ एक. आणि प्रश्नात बिटची संख्या दिलीच नसेल तर आधी संख्या बघा. −१२८ पर्यंत आठ बिट पुरतात. −२०० आली तर आठात बसणार नाही, तिथे सोळा घ्या आणि उत्तराच्या वर "१६ बिट धरून" असं लिहा.