निरोपाचं टोस्ट इंग्रजीत नेताना: या चुका टाळा

वाळूज एमआयडीसीतल्या एखाद्या कारखान्यातला हा नेहमीचा प्रसंग धरा. क्वालिटी विभागातले दादा कंपनीच्या जर्मनीतल्या प्लँटला कायमचे चाललेत. संध्याकाळी हॉटेलात जेवण आहे. दोन जर्मन पाहुणे समोर, चेन्नईची टीम स्क्रीनवर, उरलेले सगळे आपले. लाइनवरच्या सुपरवायझरनं मराठीत फर्मास भाषण लिहिलंय आणि ते इंग्रजीत करून द्यायचं काम ऑफिसातल्या कुणाच्या तरी गळ्यात पडलंय. मूळ भाषणाचा गाभा असा:

«दादा, इतक्या वर्षांत तुम्ही मला एकच खोटं सांगितलं, पण ते रोज सांगितलं. फोन केला की म्हणणार, "यायलो, यायलो, पाचच मिनिटं." अन् मागून वहिनींचा आवाज, "अहो, चहा ठेवू का?" लातूरकडचा माणूस. पाहुण्यालाही अर्धाच ग्लास पाणी देतो, वर म्हणतो, लागलं तर अजून घ्या, पण सांडू नका. आता चाललेत जर्मनीला. तिथं म्हणे रेल्वे घड्याळ लावून येते. दादा, कसं व्हायचं तुमचं?»

आपल्या लोकांत वाचलं तर दर दुसऱ्या वाक्याला हशा आहे. हेच ओळीला ओळ लावून इंग्रजीत नेलं की हॉलमध्ये शांतता पसरते, आणि जर्मन पाहुणे दादांकडं जरा काळजीनं बघायला लागतात.

पहिली चूक पहिल्याच वाक्यात होते. «यू टोल्ड मी ओन्ली वन लाय, बट यू टोल्ड इट डेली.» व्याकरणात खोट नाही. पण मराठीत त्या टोमण्याला "दादा" आणि "तुम्ही" यांनी दोन्हीकडून धरून ठेवलंय. आदरार्थी बहुवचनात केलेली चेष्टा बोचत नाही, उलट आपलेपणा वाढवते. इंग्रजीतल्या "यू"मध्ये तो आदर येत नाही आणि नव्या साहेबांच्या कानावर पडतं ते एवढंच, की हा माणूस खोटं बोलतो. क्वालिटीच्या माणसाबद्दल तर हे फारच महागात पडायचं, कारण त्याच्या सहीवर माल पास होतो.

क्रियापदानं दिलेला आदर इंग्रजीत वाक्याच्या क्रमानं भरून काढावा लागतो. आधी कौतुक ठेवा, ते खरं ठेवा, आणि चेष्टा त्या कौतुकाच्याच पोटातून काढा: «दादा इज द मोस्ट ऑनेस्ट मॅन इन धिस कंपनी. इन ऑल धीज इयर्स, ही हॅज टोल्ड मी ओन्ली वन लाय. ही टोल्ड इट एव्हरी सिंगल संडे.» "दादा" हा शब्द तसाच राहू द्या. "मिस्टर" लावून पुढं आडनाव आलं की टोस्टचा नोटीस बोर्ड होतो. भाषणाच्या सुरुवातीला «एल्डर ब्रदर, दॅट्स व्हॉट वी ऑल कॉल हिम» एवढं सांगून टाकलं की पुढं तो शब्द आपलं काम आपणच करतो.

मुळातल्या "रोज"चा इथं "संडे" झालाय, तो मुद्दाम. मराठी ऐकणाऱ्यांना ठाऊक आहे की दादा शिफ्टला कधी उशिरा आले नाहीत. उशीर होतो तो रविवारच्या क्रिकेटला, हुरड्याला, कुणाच्या शेतावर जायचं ठरलं की. हे भाषणात लिहिलेलं नाही, लिहायची गरजच नव्हती. परक्या श्रोत्याला मात्र ते सांगावं लागतं, नाहीतर "उशिरा येणारा" हा शिक्का दादांच्या आधी जर्मनीत पोचेल. म्हणून एक वाक्य वाढवायचं: «फॉर अ शिफ्ट, नेव्हर लेट. फॉर एनीथिंग इन्व्हॉल्व्हिंग फन, नेव्हर ऑन टाइम.» मुळात नसलेलं घातलं म्हणून अपराधी वाटून घेऊ नका. मुळात ते होतं, फक्त ऐकणाऱ्यांच्या डोक्यात होतं.

आता चहाकडं या, कारण सगळ्यांत जास्त विनोद इथंच वाया जातात. «हिज वाइफ यूज्ड टू आस्क फ्रॉम बिहाइंड, शाल आय मेक टी?» यावर परका माणूस हसत नाही. बायकोनं चहा विचारला, मग काय झालं? आपल्याला त्यात दिसतं की दादा अजून बनियनवर, पेपर हातात, अंघोळीचाही पत्ता नाही. हे चित्र इंग्रजीत एका शब्दानं उभं करता येतं, पण तो शब्द शोधावा लागतो: «अँड इन द बॅकग्राउंड, आय कुड हिअर वहिनी आस्किंग इफ ही वॉज रेडी फॉर हिज फर्स्ट कप ऑफ टी.» त्या "फर्स्ट"नं दिवस अजून सुरूच झालेला नाही हे कळतं. वाक्यही चहावर संपतं, त्यानंतर एक अक्षर नाही. «...आस्किंग अबाउट टी फ्रॉम द किचन ॲट दॅट टाइम» अशी शेपूट लागली की हशा त्या शेपटीखाली दबतो. मराठीत क्रियापद शेवटी येतं आणि बरेचदा विनोदाचा घाव त्याच्याआधीच बसलेला असतो, त्यामुळं ही सवय इंग्रजीत नकळत येते. प्रत्येक विनोदी वाक्याचा शेवटचा शब्द अधोरेखित करून बघा. तो "देअर", "ऑल्सो" किंवा "ओन्ली" निघाला तर वाक्य उलटं फिरवायचं.

आणि "यायलो"? त्याचं भाषांतर करूच नका. «आय ॲम कमिंग» केलंत तर लातूर-नांदेडकडची सगळी चव गेली. एकदा अर्थ सांगा, «यायलो, विच इज मराठवाडा फॉर "आय ॲम ऑन माय वे"», आणि पुढं शब्द तसाच वापरा. पाहुण्यांना तो दोन-तीनदा ऐकू येऊ द्या. शेवटी तो उपयोगी पडणार आहे.

हुरड्याचा उल्लेख ठेवायचा असेल तर विनोदाच्या मधोमध त्याची फोड करू नका. कोवळी ज्वारी, आगटी, गूळ, चटणी हे सगळं सांगेपर्यंत जेवण थंड होतं. «आवर विंटर पिकनिक, व्हेअर वी रोस्ट ग्रीन सोरघम राइट देअर इन द फील्ड» एवढं विनोदाच्या दोन वाक्यं आधी टाकून ठेवा.

अर्ध्या ग्लासाची गोष्ट वेगळ्या कारणानं फसते. तिथं भाषा बरोबर असते, पण ऐकणारा हसायला धजत नाही. 2016 च्या एप्रिलात मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं, पहिल्या गाडीला दहा वाघिणी होत्या, हे ज्यांनी पाहिलंय त्यांना अर्ध्या ग्लासावर हसायचा हक्क आहे. आपण टँकरवर विनोद करतो, कारण रांगेत आपणच उभे होतो. जर्मन माणसाला मात्र त्यात दुष्काळ ऐकू येतो आणि तो चेहरा गंभीर करून मान हलवतो. त्याचं चुकत नाही. उपाय म्हणून काही जण ही ओळच काढून टाकतात. मी काढणार नाही, कारण आख्ख्या भाषणात दादांचं गाव फक्त तिथं आहे. हसायची परवानगी मात्र द्यावी लागते, आणि ती दादांच्याच तोंडून आलेली बरी: «व्हेअर दादा कम्स फ्रॉम, वॉटर वन्स अराइव्ह्ड बाय ट्रेन. सो ही पोअर्स यू हाफ अ ग्लास अँड सेज, "टेक मोअर, टेक ऑल यू वॉन्ट. जस्ट डोन्ट स्पिल."» पहिल्या वाक्यात वस्तुस्थिती, कोरडी आणि छोटी. दुसऱ्यात माणूस, तोही देणारा. मग पाहुण्यांना कळतं की हसायचं ते दादांच्या शिस्तीला, तहानेला नाही. हे दादांना आधी विचारून घ्या. त्यांनी नको म्हटलं तर विषय संपला.

रेल्वेच्या ओळीत भाषांतराची चूक नाही, माहितीची आहे. जर्मनीत गाड्या घड्याळ लावून येतात हा आपला जुना समज. 2024 मध्ये तिथल्या लांब पल्ल्याच्या गाड्यांपैकी जेमतेम 62.5 टक्के वेळेवर पोचल्या, आणि "वेळेवर"मध्ये सहा मिनिटांच्या आतला उशीरही धरलेला. स्वतः जर्मन लोकच रेल्वेवर रोज विनोद करतात. त्यांच्यासमोर «देअर ट्रेन्स आर ऑल्वेज ऑन टाइम» म्हटलंत तर ते हसतील, पण भलत्याच गोष्टीला. त्यापेक्षा हा विनोद उलटा करून घ्या, मुळापेक्षा झकास होतो: «वी वर वरीड अबाउट सेंडिंग हिम टू द लँड ऑफ पंक्चुअल ट्रेन्स. देन वी चेक्ड. दादा, यू विल फील ॲट होम.» ज्या देशाला माणूस चाललाय त्या देशाबद्दलचा प्रत्येक विनोद असा तपासून घ्यावा, कारण खोलीत कुणी ना कुणी तिथला असतो.

लांबी हा सगळ्यात कंटाळवाणा पण हमखास घोळ. मराठीत विभक्ती शब्दालाच चिकटते. इंग्रजीत तिथं वेगळे शब्द येतात, वर आपण खुलाशाची वाक्यंही घातलेली असतात, त्यामुळं भाषण फुगतं. टोस्ट दोन-तीन मिनिटांचं असावं. हशाला जागा सोडून मिनिटाला साधारण 120 ते 130 शब्द धरले तर तीनशे-साडेतीनशे शब्दांत सगळं बसवायचं आहे. "व्यासपीठावरील मान्यवर" आणि "आजचे सत्कारमूर्ती" पहिल्यांदा जातील. शेवटचं «ऑल द बेस्ट फॉर युअर फ्युचर एन्डेव्हर्स»ही जाऊ द्या, ते रिलीव्हिंग लेटरमध्ये शोभतं.

त्या जागी काय? मूळ भाषण "जातो म्हणू नका, येतो म्हणा" यावर संपत होतं. ते सरळ नेलं तर «डोन्ट से गुडबाय, से आय विल बी बॅक» असं होतं आणि ऐकणाऱ्याला मारधाडीच्या सिनेमाची आठवण येते. इथं पेरून ठेवलेला शब्द काढा: «बॅक होम, नोबडी लीव्ह्ज बाय सेइंग "आय ॲम गोइंग". सो दादा, टेल अस युअर ओल्ड लाय वन मोअर टाइम. से "यायलो". धिस टाइम, वी विल वेट.» खोटं म्हणून आलेला शब्द वचन होऊन परत जातो, आणि हे मुळातही नव्हतं. भाषांतर करणाऱ्यानं एवढी मोकळीक घ्यावी, फक्त ज्यानं भाषण लिहिलं त्याला आधी वाचून दाखवावं.

तालमीला मराठी न येणारा एक माणूस पकडा, चेन्नईच्या टीममधला असेल तर उत्तम. त्याला मोठ्यानं वाचून दाखवा आणि चेहरा बघा. उशिरा हसला तर खुलासा कमी पडलाय. वाक्य संपायच्या आत हसला तर मुद्द्याचा शब्द लवकर आलाय. हसायच्या आधी त्यानं दादांच्या खुर्चीकडं पाहिलं तर ती ओळ बोचतेय. तिथं कौतुक आधी आणा.

प्रत्यक्ष वेळी शेवटच्या ओळीनंतर «प्लीज रेज युअर ग्लासेस. टू दादा!» एवढंच म्हणायचं. ग्लासात सरबत असलं तरी चालतं. दादांना आधी सांगून ठेवा की टोस्ट त्यांच्या नावाचं आहे, तेव्हा त्यांनी बसून राहायचं आणि त्या घोटाला आपला ग्लास उचलायचा नाही. आपल्याकडं सत्कारमूर्ती संकोचानं सगळ्यांत आधी उभे राहतात. जर्मन पाहुण्यांशी ग्लास भिडवताना त्यांच्या डोळ्यांत बघा, त्यांच्यात ती रीत आहे. स्क्रीनवरची मंडळी म्यूटवर असतील, त्यांचा हशा ऐकू येणार नाही, तेव्हा त्यांच्यासाठी थांबून राहू नका.