किचनचा स्टॉक मोजायचाय? आधी ए-बी-सी लावा, मग मोजा : तयारीची यादी

महिनाअखेरीला रात्री साडेबाराला शटर खाली ओढून चार पोरं उभी करायची आणि हळदीच्या पुडीपासून टूथपिकपर्यंत सगळं मोजत बसायचं, ही पद्धत अजून बऱ्याच हॉटेलांत चालते. पहाटेपर्यंत सगळे इतके दमतात की डीप फ्रीजमधली सुरमई शेवटी अंदाजानेच लिहिली जाते, आणि पैसा तर तिथेच असतो. म्हणून मोजायच्या आधी काय मोजायचं ते ठरवा. सगळ्यात जास्त पैसा ज्यांच्यात जातो ते थोडे आयटम ए, त्याखालचे बी, आणि उरलेले चिल्लर रकमेचे सी, हेच ए-बी-सी. त्याची तयारी कशी करायची ते सांगतो. उदाहरण मध्यम आकाराच्या मालवणी हॉटेलचं घेतलंय, स्टॉकच्या यादीत १२० आयटम आणि महिन्याला साधारण ८ लाखांचा माल लागतो असं धरा. आकडे समजण्यापुरते आहेत, तुमचे तुम्ही घाला.

पहिलं म्हणजे गेल्या तीन महिन्यांची खरेदीची बिलं एकत्र करा, मच्छीवाल्याच्या हाताने लिहिलेल्या चिठ्ठ्यांसकट. एकच महिना घेऊ नका, कारण एखाद्या महिन्यात मोठी ऑर्डर असते, नाहीतर श्रावण येतो आणि चित्र वाकडं दिसतं. गॅस सिलिंडर आणि पार्सलचे डबे या यादीत घालू नका, त्यांचा हिशोब वेगळा ठेवा.

दुसरं काम किचकट आहे पण ते टाळलंत तर पुढचं सगळं चुकतं, ते म्हणजे नावं आणि मापं एकसारखी करणं. एकाच मालाची बिलात तीन नावं असतात, कुठे ‘सुरमई’, कुठे ‘सुरमई मोठी’, कुठे ‘किंगफिश’, आणि ती तीन वेगळ्या ओळींत गेली की तुमचा सगळ्यात महागात पडणारा आयटम तीन तुकड्यांत वाटला जाऊन बी मध्ये जाऊन लपतो. उलटंही होतं, भाजीवाल्याने नुसतं ‘भाजी’ लिहून एकच आकडा टाकला की ती ओळ उगाच ए मध्ये येते, तिथे कांदा, टोमॅटो, कोथिंबीर वेगळं काढा. तेल कुठे डब्यात कुठे लिटरमध्ये, नारळ कुठे नगावर कुठे गोणीवर असेल तर प्रत्येकाला एकच माप ठरवा. आणि बेडगी, संकेश्वरी मिरची उन्हाळ्यात वर्षभराची भरून ठेवत असाल तर त्या बिलातले किलो बाराने भागून महिन्याचा वापर म्हणून लिहा, नाहीतर एप्रिलमध्ये मिरची सुरमईच्या डोक्यावर बसेल. (भरून ठेवलेल्या मिरचीत पैसा मात्र अडकलेलाच असतो, त्यामुळे महिन्यातून एकदा पोती उघडून ओल आलीय का ते बघायचंच.)

आता शीट. A कॉलममध्ये आयटम, B मध्ये महिन्याचा सरासरी वापर, C मध्ये दर, D मध्ये गुणाकार. D वर मोठ्याकडून लहानाकडे सॉर्ट करा आणि E मध्ये वरून खाली चढती बेरीज एकूण रकमेच्या किती टक्के होतेय ते काढा. १२० आयटम असतील तर दुसऱ्या ओळीत हे टाकून खाली १२१ पर्यंत ओढायचं आणि E कॉलमला टक्क्यांचा फॉरमॅट द्यायचा:

```
D2: =B2*C2
E2: =SUM(D$2:D2)/SUM(D$2:D$121)
```

इथे एक गोष्ट नीट बघा. महाग वस्तू म्हणजे ए आयटम असं नाही. वेलची ३,००० रुपये किलो, पण महिन्याला अर्धा किलो लागते म्हणजे १,५०० रुपये. कांदा ३० रुपये किलो, पण ४०० किलो जातो म्हणजे १२,००० रुपये. वेलचीच्या डब्याला कुलूप लावणारे मालक कांद्याच्या पोत्याकडे बघत पण नाहीत. वर्ग दरावरून नाही, दर गुणिले वापर यावरून ठरतो.

आमच्या उदाहरणात सॉर्ट केल्यावर वर काय येतं बघा. सुरमई २२० किलो ७५० ने, १ लाख ६५ हजार. मटण १८० किलो ८०० ने, १ लाख ४४ हजार. कोलंबी ८८ हजार, पापलेट ८४ हजार, चिकन ७७ हजार, तेलाचे २० डबे ४४ हजार. झाली बेरीज ६ लाख २ हजार, म्हणजे १२० पैकी फक्त ६ आयटममध्ये ७५ टक्के पैसा. हे तुमचे ए. त्याखाली नारळ, तांदूळ, काजू, कांदा वगैरे २४ आयटम मिळून अजून १ लाख ४२ हजार, ते बी. उरलेले ९० आयटम सगळे मिळून ५६ हजार, ते सी. ७५ वरच रेघ ओढली पाहिजे असा काही नियम नाही, रकमेत जिथे मोठी उडी दिसते तिथे ओढा, फक्त ए मध्ये दहाच्या वर आयटम जायला लागले तर थांबा, कारण रोज मोजायला तेवढे हात नसतात.

मग मोजणीचं वेळापत्रक. ए रोज, बी आठवड्यातून एकदा, सी महिन्याला. रोजची मोजणी रात्री सर्व्हिस संपल्यावर किंवा सकाळी माल उतरायच्या आधी, पण एकदा ठरली की तीच वेळ, कारण मच्छी उतरत असताना मोजलं की आजचा माल कालच्यात मिसळतो. वजनकाटा आधी तपासून घ्या, एक किलोचं वजन ठेवून बघा. मोजणीचा कागद फ्रीजच्या कप्प्यांच्या क्रमाने बनवा आणि त्यावर ‘किती असायला पाहिजे’ हा आकडा छापू नका, तो दिसला की माणूस तोच लिहून मोकळा होतो. एकाने वजन करायचं, दुसऱ्याने लिहायचं, आणि लिहिणारा शक्यतो त्या फ्रीजची चावी सांभाळणारा नसावा.

मसाला लावून ट्रेमध्ये ठेवलेल्या तुकड्या, उकडून ठेवलेलं मटण, सोललेली कोलंबी हे सगळं पण स्टॉकच आहे, आणि हेच बहुतेक वेळा मोजायचं राहतं. त्यासाठी आधी साफ करून किती उरतं ते काढून ठेवा. तीन-चार अख्ख्या सुरमया तोलायच्या, डोकं-शेपटी-आतलं काढून तुकड्या पाडायच्या, परत तोलायचं. समजा १० किलोतून ७ किलो तुकड्या आल्या तर तुमचा आकडा ७० टक्के, आणि ट्रेमधल्या ७ किलो तुकड्या म्हणजे १० किलो अख्खी सुरमई असं धरायचं. सालासकट कोलंबीत हा आकडा बराच खाली येतो आणि साईज बदलली की बदलतो, म्हणून प्रत्येक साईजचा वेगळा काढा. डोक्यांचं कालवण विकत असाल तर डोकी वाया गेलेली नाहीत, पण तुकड्यांच्या हिशोबात ती धरू नका.

आता हे सगळं कशासाठी, तर एका आठवड्याची सुरमई बघा. सोमवारी सकाळी १२ किलो होती, आठवड्यात ५५ आली, पुढच्या सोमवारी ९ उरली. म्हणजे ५८ किलो वापरली. बिलिंग मशीन सांगतं की १९० सुरमई फ्राय गेले, प्रत्येकी १५० ग्रॅमची तुकडी, आणि ९० थाळ्या, प्रत्येकी १०० ग्रॅम. म्हणजे २८.५ अधिक ९, साडेसदतीस किलो तुकड्या. ७० टक्क्यांनी भागलं की साधारण ५३.६ किलो अख्खी मच्छी लागायला हवी होती. ४.४ किलोचा फरक, ७५० च्या दराने ३,३०० रुपये, एका आयटमचे, एका आठवड्यात. महिन्याला १३ हजारांच्या वर. याच्यासमोर सी मधले ९० आयटम ठेवा, त्यांच्यात १० टक्के गळती धरली तरी महिन्याला ५,६०० च होतात. मिठाच्या पिशव्या मोजण्यात रात्र घालवायची आणि इकडे सुरमई वाहून जाऊ द्यायची हे परवडणारं नाही.

फरक आला म्हणजे चोरी झाली असं लगेच म्हणू नका, स्टाफचा विश्वास एकदा गेला की परत येत नाही. आधी तुकड्या तोला, न सांगता एका दुपारी दहा तुकड्या काढून वजन करा. १५० च्या जागी १६५ ग्रॅम भरल्या तर १९० प्लेटमध्ये २.८५ किलो तुकड्या, म्हणजे अख्ख्या मच्छीत ४ किलो होतात, जवळजवळ सगळा फरक तिथेच सापडला, आणि दोष सुरीवाल्याचा नाही, त्याच्यासमोर काटा ठेवला नव्हता. तुकड्या बरोबर असतील तर माल उतरताना बघा, मच्छी बर्फासकट तोलली जातेय का? बर्फ झाडून, पाणी निथळून मगच काट्यावर, आणि बिलावर आपलं वजन लिहायचं, मच्छीवाल्याचं नाही. त्यानंतर स्टाफचं जेवण, मालकाच्या पाहुण्यांना गेलेल्या प्लेट, वास आला म्हणून फेकलेला माल, हे तिन्ही एका वहीत लिहिले जातायत का ते तपासा. हे सगळं बसलं आणि तरी फरक उरतोच, तर मग चावी कोणाकडे असते हा प्रश्न.

सी आयटमकडे दुर्लक्ष करायचं नाही, फक्त मोजायचे कष्ट कमी करायचे. मीठ, हळद, हिंग, मोहरी यांचे दोन डबे ठेवा, पहिला संपला की दुसरा उघडायचा आणि त्याच दिवशी ऑर्डर लिहायची, बस. पण सी मध्ये काही नावं अशी असतात की रक्कम चिल्लर आणि नसली तर धंदा अडतो. मालवणी किचनमध्ये कोकम, आगळ आणि तिरफळ. आगळ संपलं तर सोलकढी नाही, आणि सोलकढी नाही तर थाळी अर्धी. शीटमध्ये अशा आयटमसमोर तांबडी खूण करा आणि किमान इतका माल असलाच पाहिजे हा आकडा लिहा. पैशाच्या हिशोबाला हे कळत नाही, ते खानसाम्याला विचारूनच करावं लागतं.

शेवटी तारखा. ही यादी एकदा लावून वर्षभर चालत नाही. जून-जुलैत मासेमारी बंदी असते, ताज्या सुरमईचा दर चढतो किंवा फ्रोझन माल येतो आणि चिकन वर सरकतं, मग श्रावणात मटण खाली येतं आणि पनीर, काजू वर येतात. म्हणून मे अखेर, श्रावणाच्या तोंडावर, गणपती झाल्यावर आणि डिसेंबरच्या आधी अशा चार वेळा शीट परत सॉर्ट करा, आणि एखादा आयटम बी मधून ए मध्ये गेला तर त्याच दिवशी रोजच्या मोजणीच्या कागदावर त्याची ओळ वाढवा. फ्रोझन माल सुरू झाला की साफ करून उरण्याचा आकडाही नव्याने काढा, पॅकेटवरचं बर्फाचं आवरण विरघळल्यानंतरचं वजन धरून.