घरोघरच्या सर्व्हेत बंद दारांचं काय करायचं? या चुका टाळा

सर्व्हे संपला, ७० टक्के घरांनी उत्तरं दिली, टीमला हायसं वाटलं, रिपोर्टच्या पहिल्याच पानावर तो आकडा ठळक छापला. आता त्या ७० वरून निष्कर्ष किती खरे हे कळतं का? अजिबात नाही, कारण राहिलेले ३० टक्के कोण होते हे कुठेच लिहिलेलं नसतं. हिशोब साधा आहे: सरासरीत येणारी चूक म्हणजे उत्तर न मिळालेल्यांचा वाटा, गुणिले उत्तर देणारे आणि न देणारे यांच्यातला फरक. फरक शून्य असेल तर ५० टक्के रिस्पॉन्सवरही आकडा बरोबर येतो, आणि फरक मोठा असेल तर ८० टक्क्यांवरही तो चुकतो. यालाच नॉन-रिस्पॉन्स बायस म्हणतात. सॅम्पल मोठं घेतलं की हा कमी होईल असं खूप जणांना वाटतं, तर तो तसाच राहतो, उलट चुकीच्या आकड्यावरचा आपला विश्वास वाढतो.

इथे एकच प्रश्न घेऊन बघू. समजा आपल्याला शोधायचंय की किती घरांतली सगळी मोठी माणसं दिवसा कामासाठी बाहेर असतात. हा प्रश्न मुद्दाम घेतलाय, कारण ज्या गोष्टीमुळे दार बंद असतं तीच गोष्ट आपण मोजायला निघालोय.

शेजारचं घर घेऊन आकडा भरणे

सगळ्यात जास्त होणारी आणि सगळ्यात कमी पकडली जाणारी चूक. घर बंद दिसलं, इंटरव्ह्यूअरला दिवसाचं टार्गेट पूर्ण करायचंय, मग बाजूचं दार वाजवलं, तिथे कुणीतरी होतं, फॉर्म भरला. कागदावर सॅम्पल पूर्ण आणि रिस्पॉन्स रेट १०० टक्के. पण बाजूचं घर मिळालं ते तिथे दिवसा माणूस होतं म्हणूनच ना, म्हणजे बंद घराच्या जागी नेमकं उलट प्रकारचं घर आलं आणि वर त्याची काही नोंदही उरली नाही! नंतर वेटिंग, म्हणजे कमी आलेल्या प्रकारच्या घरांच्या उत्तरांना हिशोबात जास्त वजन देणं, करायचं म्हटलं तरी कुणाच्या जागी कोण आलं हेच माहीत नसतं. त्यापेक्षा सुरुवातीलाच थोडी जास्त घरं सॅम्पलमध्ये काढा, आणि बदली घर घ्यायचं नाही हा नियम ट्रेनिंगमध्ये स्पष्ट सांगा. इंटरव्ह्यूअरला भरलेल्या फॉर्मच्या संख्येवर पैसे देत असाल तर हा नियम कितीही सांगितला तरी पाळला जाणार नाही हेही धरून चाला.

"घरी कोणी नाही" आणि "घरात कोणी राहत नाही" यांची सरमिसळ

ओसाड किंवा पाडलेलं घर सर्व्हेच्या कक्षेतच येत नाही, त्यामुळे ते रिस्पॉन्स रेटच्या छेदातून वगळायचं असतं. कुलूप लावून कामाला गेलेलं कुटुंब मात्र छेदात राहायलाच हवं. फील्डवर दोन्हीकडे कुलूपच दिसतं, आणि "रिकामं घर" असा कोड टाकला की परत फेरी मारावी लागत नाही, त्यामुळे मोह कुठल्या बाजूला असतो हे वेगळं सांगायला नको. ओळखायचं कसं? प्रत्येक इंटरव्ह्यूअरच्या यादीत रिकाम्या घरांचं प्रमाण किती ते बघा. एकाच भागात बाकीच्यांचं ५ टक्के आणि एकाचं १५ टक्के असेल तर सुपरवायझरने त्यातली काही घरं स्वतः जाऊन, शेजाऱ्यांना विचारून तपासायची.

आणि प्रत्येक फेरीची तारीख, वेळ, निकाल लिहून ठेवा, फक्त शेवटचा निकाल नको. भेटच झाली नाही आणि भेट झाली पण नकार दिला, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्यांची कारणं वेगळी आणि उपायही वेगळे. भेट होत नसेल तर वेळ बदलायची: दिवसाच्या तीन फेऱ्या वाया गेल्यावर चौथीही दिवसाच मारण्यात अर्थ नाही, एक फेरी संध्याकाळी आणि एक सुट्टीच्या दिवशी हवीच. नकार असेल तर आधी पाठवलेलं पत्र उपयोगी पडतं, सर्व्हे कोणाचा, कशासाठी, किती वेळ लागेल एवढंच साध्या भाषेत. छोटी भेटवस्तू द्यायची असेल तर आधीच द्या, "फॉर्म भरल्यावर देऊ" या आश्वासनापेक्षा आधी दिलेल्या वस्तूचा परिणाम साधारणपणे जास्त होतो. नकार नरम असेल, म्हणजे "आत्ता वेळ नाही" टाइपचा, तर काही दिवस जाऊ देऊन दुसऱ्या इंटरव्ह्यूअरला पाठवा. ठाम नकार असेल तर तिथेच थांबा, लोकांच्या मागे लागून मिळवलेली उत्तरं तशीही भरवशाची नसतात.

एक सावधगिरी मात्र हवी. रिस्पॉन्स रेट वाढवण्याच्या नादात जे सहज सापडतात त्यांच्यातलेच आणखी थोडे मिळवले, तर रेट वाढतो आणि बायससुद्धा वाढू शकतो. मेहनत कुठे घालायची हे ठरवायला कुठल्या प्रकारच्या घरांचा रेट कमी आहे ते फील्डवर्क चालू असतानाच बघावं लागतं, संपल्यावर नाही.

वेट लावलं म्हणजे झालं, असं समजणे

आता आकडे घेऊ (उदाहरणासाठी मानलेले). सर्व्हेच्या कक्षेत बसणारी ९०० घरं, सगळ्यांची निवड होण्याची शक्यता सारखी. लिस्टिंग करताना, म्हणजे सर्व्हेआधी सगळ्या घरांची यादी बनवताना, प्रत्येक घरात किती माणसं राहतात ते लिहून घेतलं होतं, त्यामुळे उत्तर न दिलेल्या घरांबद्दलही तेवढं माहीत आहे. लिस्टिंगमधली ही एक ओळ पुढे फार कामाला येते.

एक-दोन माणसांची लहान घरं ३००, त्यातल्या १५० नी उत्तर दिलं. मोठी घरं ६००, त्यातल्या ४८० नी दिलं. एकूण ६३०, म्हणजे बरोबर ७० टक्के. उत्तर देणाऱ्या लहान घरांपैकी ९० घरं दिवसा पूर्ण रिकामी असतात, म्हणजे ६० टक्के, आणि मोठ्यांपैकी ९६, म्हणजे २० टक्के. काहीही दुरुस्ती न करता आकडा येतो ६३० पैकी १८६, साधारण २९.५ टक्के.

लहान घरं उत्तर देणाऱ्यांत कमी आलीत हे दिसतंय, मग वेट लावू. लहान घरांना ३०० भागिले १५०, म्हणजे २. मोठ्यांना ६०० भागिले ४८०, म्हणजे १.२५. आता आकडा ३३.३ टक्के होतो. बरेच रिपोर्ट इथे थांबतात आणि "नॉन-रिस्पॉन्ससाठी दुरुस्ती केली" असं लिहून मोकळे होतात.

पण या वेटमागे एक गृहीतक आहे: न भेटलेली लहान घरं भेटलेल्या लहान घरांसारखीच आहेत. ती तशी नसणारच, कारण दिवसा सगळे बाहेर असतात म्हणूनच तर ती भेटली नाहीत. लहान आणि मोठी या गटांमधला फरक वेटने दुरुस्त होतो, एकाच गटाच्या आत भेटलेले आणि न भेटलेले यांच्यात जो फरक आहे तो वेटला दिसतच नाही.

यावर उपाय जुना आहे, हॅन्सन आणि हर्विट्झ या संख्याशास्त्रज्ञांनी १९४६ साली मांडलेला. उत्तर न मिळालेल्या सगळ्यांच्या मागे धावण्याऐवजी त्यांच्यातून एक छोटं रँडम सॅम्पल काढा आणि सगळी ताकद तिथे लावा, सगळ्यात अनुभवी इंटरव्ह्यूअर, संध्याकाळ, सुट्टी, छोटा फॉर्म, जे काही करता येईल ते. आपल्याकडे न भेटलेली २७० घरं आहेत, १५० लहान आणि १२० मोठी. तिनातलं एक घेतलं तर ५० आणि ४०. समजा त्यातल्या ४० लहान घरांनी उत्तर दिलं आणि ३२ घरं दिवसा रिकामी निघाली, ८० टक्के. मोठ्यांपैकी ३० नी दिलं, त्यात ९, म्हणजे ३० टक्के. आता जोडा: लहान घरांत ९० अधिक १५० चे ८० टक्के, एकूण २१०. मोठ्यांत ९६ अधिक १२० चे ३० टक्के, एकूण १३२. दोन्ही मिळून ९०० पैकी ३४२, म्हणजे ३८ टक्के.

२९.५, मग ३३.३, मग ३८. वेटने कापलेलं अंतर अर्ध्यापेक्षाही कमी होतं. आणि फॉलो-अपमध्येही २० घरं हाती लागली नाहीतच, म्हणजे ३८ सुद्धा थोडा कमीच असण्याची शक्यता आहे, हे रिपोर्टमध्ये लिहायला लाजायचं कारण नाही.

याची किंमतही आहे. फॉलो-अपच्या घरांना लहान गटात १५० भागिले ४०, म्हणजे ३.७५, आणि मोठ्या गटात १२० भागिले ३०, म्हणजे ४ वेट येतं, बाकीच्या ६३० ना १. वेट असे असमान झाले की अंदाज डळमळीत होतो. संख्याशास्त्रज्ञ किश यांच्या सूत्राने बघितलं तर इथली ७०० उत्तरं साधारण ४८४ उत्तरांच्या ताकदीची राहतात. स्टँडर्ड एरर, म्हणजे सॅम्पलमुळे अंदाज किती इकडेतिकडे होऊ शकतो त्याचं माप, वेटवाल्या अंदाजात १.९ होता तो साधारण २.२ पॉइंट होतो. पण त्या बदल्यात जवळपास पावणेपाच पॉइंटची चूक गेली, म्हणून या प्रश्नासाठी सौदा फायद्याचा. वेट १० किंवा १५ पर्यंत गेले तर मात्र मोजकी घरंच निकाल ठरवायला लागतात, तेव्हा गट एकत्र करा किंवा वेटला वरची मर्यादा घाला, आणि मर्यादा घातल्यावर आकडा किती हलला ते बघा.

वेटसाठी हाताला येईल ते व्हेरिएबल घेणे

वय आणि लिंग सेन्ससमध्ये मिळतं म्हणून सगळे त्यावरच वेट करतात. घेतलेली गोष्ट उत्तर देण्याशीही जोडलेली हवी आणि मोजायच्या प्रश्नाशीही. फक्त उत्तर देण्याशी जोडलेली असेल तर बायस हलत नाही, नुसती डळमळ वाढते. क्रमही सांभाळा: आधी निवडीच्या शक्यतेवरून बेस वेट, मग नॉन-रिस्पॉन्सची दुरुस्ती, शेवटी लोकसंख्येच्या माहीत असलेल्या बेरजांशी जुळवणी. मधली पायरी गाळून थेट जुळवणी केली तर बेरजा सुंदर जुळतात आणि बंद दारांबद्दल लिस्टिंगमध्ये असलेली माहिती वापरायची राहून जाते.

फॉलो-अपला बजेटच नसेल तर निदान हे करा: पहिल्या फेरीत मिळालेल्यांचा आकडा, दुसऱ्या फेरीपर्यंतचा, तिसऱ्यापर्यंतचा असा काढत जा. तो एकाच दिशेला सरकत असेल, २४, २७, २९ असा, तर न भेटलेले त्या दिशेला आणखी पुढे असण्याची शक्यता मोठी. स्थिर झाला तर थोडा दिलासा, पुरावा नाही, कारण अजिबात न भेटणारे उशिरा भेटणाऱ्यांसारखेच असतील असं नाही. आणि हे प्रत्येक प्रश्नासाठी वेगळं काढा, कारण याच सर्व्हेत घराला किती खोल्या आहेत याचा आकडा तिन्ही फेऱ्यांत जेमतेम हलेल आणि कामाला बाहेर असण्याचा आकडा मात्र धावत सुटेल.