नूतनीकरणाआधीची तिमाही आढावा बैठक: सरासरीच्या आकड्याने मला कसे फसवले

वार्षिक सेवा करार सांभाळणाऱ्या नव्या सहकाऱ्यांनी सर्वप्रथम कराराची शेवटची तारीख शोधून तिथून मागे मोजत यावे. माझ्याकडे असलेल्या पहिल्या मोठ्या करारात नूतनीकरण करायचे नसल्यास साठ दिवस आधी कळवण्याची अट होती आणि ग्राहकाच्या खरेदी विभागाला अंतर्गत मंजुरीसाठी साधारण सहा आठवडे लागत. म्हणजे करार संपण्याच्या साडेतीन महिने आधी निर्णयाची सुरुवात होणार होती. चौथ्या तिमाहीच्या बैठकीत आपण नूतनीकरणाचा विषय काढू, असे मी धरून चालले होते, पण तोपर्यंत तो विषय ग्राहकाकडे केव्हाच सुरू झालेला असणार होता. खरी बैठक तिसऱ्या तिमाहीची असते, हे कृपया लिहून ठेवा.

त्या तिसऱ्या बैठकीत मी चौतीस स्लाइड घेऊन गेले. त्यातली मला सर्वांत प्रिय असलेली स्लाइड उपलब्धतेची होती. करारात दरमहा ९९.५ टक्के उपलब्धतेचे वचन होते. तीस दिवसांच्या महिन्यात ७२० तास धरले, तर ३.६ तासांपर्यंतचा खंड चालतो. आमची प्रणाली त्या महिन्यात एकदाच आणि फक्त तीन तास बंद होती, म्हणून आकडा ९९.५८ आला आणि तो चौकोन मी अभिमानाने हिरवा रंगवला. ग्राहकाच्या वित्तप्रमुख मॅडमनी तो चौकोन पाहिला आणि शांतपणे विचारले, "हे तीन तास कोणते होते, ते तुम्हाला माहीत आहे का?" मला माहीत नव्हते. ते महिन्याच्या शेवटच्या कामकाजाच्या दिवशीचे, दुपारी चार ते सातचे तास होते, आणि त्याच वेळात त्यांच्या विभागाला सगळी बिले पाठवायची होती. बिले दुसऱ्या दिवशी गेली, ती पुढच्या महिन्यात धरली गेली आणि त्यांना त्यांच्या वरिष्ठांसमोर उत्तर द्यावे लागले. माझा आकडा खरा होता आणि तरीही त्या खोलीत तो खोट्यासारखा वाटत होता.

हा सापळा नीट समजून घ्या, कारण अहवाल बनवण्याच्या घाईत तो दिसत नाही. सरासरी सगळ्या तासांना सारखे मोल देते, ग्राहक देत नाही. पहाटे तीनचा एक तास आणि महिनाअखेरचा एक तास करारात सारखेच मोजले जातात. त्यामुळे आता मी प्रत्येक खंडाची तारीख आणि वेळ एका यादीत मांडते आणि त्या वेळी ग्राहकाकडे कोणते काम सुरू होते, हे संबंधित विभागालाच विचारून त्याच्यापुढे लिहिते. तक्रारींची संख्या घटली, तर तेही मी आपोआप चांगले मानत नाही. त्या प्रसंगानंतर बिलांच्या विभागाकडून येणाऱ्या तक्रारी निम्म्याने कमी झाल्या होत्या, कारण तिथले लोक महिनाअखेरचे काम आमच्या प्रणालीबाहेर, स्वतःच्या तक्त्यांत करू लागले होते. पुन्हा उघडलेल्या तक्रारी आणि अचानक शांत झालेला विभाग, या दोन खुणा मी आता आधी पाहते.

तयार नमुन्यावर आकडे चिकटवून आढावा उरकण्याचा सल्ला अनेक जण देतात, आणि 'संबंध चांगले असले की करार टिकतो' असे मला शिकवणारे वरिष्ठही होते. दोन्ही सल्ले मी आता मानत नाही. आपला रोजचा संपर्क असलेली व्यक्ती आपल्यावर खूश असते, पण सही वित्तप्रमुखांची असते.

तरीही एका चुकीच्या बैठकीने करार जातोच असे नाही, म्हणून खचू नका. मी दुसऱ्याच दिवशी आमच्या तांत्रिक चमूबरोबर बसले. महिनाअखेरचे अहवाल आणि बॅकअप एकाच वेळी सुरू झाल्याने डेटाबेस अडकला होता. बॅकअपची वेळ रात्री अकरावर नेली आणि पुढची महिनाअखेर विनाखंड गेल्यावरच, म्हणजे सूचनेची मुदत उलटण्यापूर्वी, मी मॅडमकडे अर्ध्या तासाची वेळ मागितली. यावेळी माझ्याकडे तीन पाने होती. पहिल्या पानावर ते तीन तास, त्यांचे कारण आणि केलेली दुरुस्ती होती. दुसऱ्यावर मागील बैठकीत ठरलेल्या कामांची स्थिती होती, त्यात दोन अपूर्ण कामेही तशीच लिहिली होती. तिसऱ्या पानावर नव्या करारासाठी एक प्रस्ताव होता: महिन्याचे शेवटचे दोन कामकाजाचे दिवस वेगळे मोजावेत आणि त्या दिवसांत अर्ध्या तासापेक्षा जास्त खंड पडल्यास आम्ही सेवाशुल्कात सूट द्यावी. आमच्या लेखा विभागाची संमती मी आधीच घेतली होती, कारण बैठकीत दिलेले वचन नंतर मागे घेण्यासारखे घातक काही नाही.

मॅडमनी पहिले पान दोनदा वाचले, अर्ध्या तासाची मर्यादा वीस मिनिटांवर आणायला सांगितली आणि खरेदी विभागाच्या प्रमुखांना त्याच खोलीत बोलावून घेतले.